अक्का, तेवढा लाल दिवा बघता का?

उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्धं सोलापूर पुण्याला असतं. कुणाच्या लेकीचं बाळंतपण, कुणाच्या मुलाची वास्तुशांत, कारण काहीही चालतं. हुतात्मा एक्स्प्रेस पकडायच्या आधी घराची किल्ली शेजारी जाते आणि किल्लीच्या मागोमाग कामं जातात. पूर्वी ती ठरलेली असायची. तुळशीला पाणी घाला, दूधवाल्याला नाही म्हणून सांगा, पाणी आलं तर नळाकडे लक्ष ठेवा. (सोलापुरात पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे हे तिसरं काम म्हणजे जोखमीचं पद आहे.) आता या यादीत टीव्हीखालच्या पांढऱ्या पेटीची भर पडली आहे. घरात कॅमेरा बसवलेला असतो, कॅमेरा वायफायवर चालतो आणि अडीचशे किलोमीटरवर बसलेला मालक दर तासाला मोबाईलवर आपलाच रिकामा हॉल बघत असतो. रिकामा हॉल दिसेनासा झाला की त्याला घाम फुटतो. हॉलमध्ये चोर दिसला असता तरी इतका फुटला नसता.

मग शेजाऱ्याला निरोप जातो. या निरोपाचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही निकामी आहेत.

पहिला प्रकार ज्येष्ठांचा: ‘नेट गेलंय वाटतं, जरा बघता का?’ काय बघायचं? नेट कुठल्या फडताळात ठेवलेलं असतं? शेजारीण बिचारी जाते, सगळीकडे बघते, गॅस बंद आहे याची खात्री करते आणि ‘सगळं व्यवस्थित आहे’ असं कळवते.

दुसरा प्रकार हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाचा. त्याचा निरोप चौदा कलमांचा असतो. त्यात पेटीच्या आत लॉगिन करण्यापासून केबल काढून पुन्हा लावण्यापर्यंत सगळं येतं आणि शेवटी ‘नाहीच जमलं तर रिसेट मारा’ असं असतं. हा मुलगा ऑफिसात दुसऱ्याला सर्व्हरच्या खोलीत पाऊल टाकू देत नाही आणि इथं सत्तरीच्या बाईला टाचणी घेऊन रिसेटच्या भोकापाशी बसवतो.

शेजाऱ्याचे हात मागू नयेत, डोळे मागावेत, असं माझं मत आहे. पेटीवरचे दिवे बिघाड कुठे आहे ते बरंचसं सांगून टाकतात. ते वाचणारं माणूस तिथं पाहिजे, अर्थ आपण पुण्यात बसून लावू शकतो. शेजारच्या अक्कांना मी पाठवलेला निरोप त्याच हिशेबाने लिहिला होता. तो असा:

‘अक्का, नमस्कार. आमचा हॉलमधला कॅमेरा काल दुपारपासून दिसत नाही. घाई नाही, सवडीने एवढं बघाल का? आधी हॉलचा पंखा लावा. लागला म्हणजे घरात वीज आहे. नाही लागला तर काही करू नका, मला फोन करा. टीव्हीखाली पांढरी पेटी आहे, तिच्यावर चार-पाच बारीक दिवे आहेत. त्यांचा फोटो नको, दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून पाठवा. जवळून काढा, दिव्यांखालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. एल, ओ, एस ही इंग्रजी अक्षरं ज्या दिव्याखाली आहेत तो विझलेला असेल तर उत्तम, तो विझलेलाच पाहिजे. तो लाल असेल किंवा डोळा मारत असेल, तर पेटीतून निघालेली बारीक वायर खिडकीपर्यंत नुसती बघत जा. कुठे दबली, दुमडली आहे का, एवढंच कळवा. ओढू नका, उपसू नका. आणि तुमच्याकडचं नेट चालू आहे का? पेटीला मागे एक बारीक भोक आहे, त्यात काही घालू नका. नातवालाही घालू देऊ नका.’

पंख्यापासून सुरुवात केली म्हणून पुण्यात जावई हसले. त्यांना शेजारधर्म माहीत नाही. चांगला शेजारी तुळशीला पाणी घालून निघताना ‘घर बंद आहे, उगाच कशाला’ म्हणून मेन स्विच खाली पाडतो. किती जणांची नेटं या मायेपोटी गेली असतील! पंखा लागला तर वीज आहे हे पक्कं होतं. पंखा लागला आणि पेटीवर एकही दिवा नाही, तर भिंतीवरचं बटण किंवा अॅडॅप्टर. पेटीत जाणारी अॅडॅप्टरची गोल पिन केर काढताना झाडू लागून अर्धवट निघते, ती नीट आत दाबली की काम होतं. शेजाऱ्याच्या हातांना एवढं एकच काम द्यावं. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा अॅडॅप्टर दिसायला तसाच असतो, पिनही तशीच बसते, पण दोघांचे व्होल्ट आणि अँपिअर वेगळे असू शकतात. अँपिअर कमी पडला की दिवे लागतात, पेटी सुरू होते, जरा जोर घेते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. व्होल्ट जास्त झाले तर पेटीच जायची. म्हणून अदलाबदल नको.

आता एलओएस. हा दिवा सगळ्यांना फसवतो. जन्मभर आपण दिवा लागला की चालू आणि विझला की बंद, असं शिकलेलो आहोत. हा दिवा उलट्या डोक्याचा आहे. बाहेरून येणारा प्रकाश पेटीला मिळत नाही, असं ओरडून सांगण्यासाठी तो आहे, तेव्हा सगळं ठीक असताना तो गप्प बसतो. निरोपात हे लिहिलं नाही तर शेजारी हमखास कळवतो की बाकीचे दिवे छान लागलेत, एक तेवढा गेलाय.

त्याच्या शेजारी पीओएन नावाचा हिरवा दिवा असतो. तो स्थिर असला म्हणजे आपली पेटी आणि कंपनीच्या केंद्रातलं यंत्र यांची ओळख पटली आहे, वायर धडधाकट आहे. तो लुकलुकत असला म्हणजे ओळखपरेड चालू आहे. वीज आल्यावर मिनिट-दोन मिनिटं तो लुकलुकतोच, तेवढ्यात घाबरायचं नाही. पीओएन स्थिर हिरवा आहे पण इंटरनेट नावाचा दिवा लाल किंवा विझलेला आहे, असं असेल तर शेजाऱ्याला आभार मानून घरी पाठवावं. हा बिघाड खात्याचा आहे. बिल थकलंय, रिचार्ज संपलाय किंवा कंपनीच्या कचेरीत गोंधळ आहे. तो आपल्याच मोबाईलवरून निस्तरायचा असतो. बिल तुम्ही भरलं नाही आणि वायरी अक्कांनी हलवून बघायच्या, हा कुठला न्याय?

फोटोऐवजी व्हिडिओ का, तेही सांगतो. फोटोत डोळा मारणारा दिवा एक तर लागलेला येतो, नाही तर विझलेला. आणि या पेट्यांची निम्मी भाषा डोळा मारण्यातच आहे. शिवाय प्रत्येक कंपनीची पेटी निराळी. काहींवर एकच दिवा असतो आणि तोच रंग बदलतो, त्या रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. व्हिडिओ हाताशी असला की तक्रार नोंदवणाऱ्या मुलीला ‘लाल, थांबून थांबून’ असं छातीठोक सांगता येतं. नाही तर ती ‘सर, एकदा रिस्टार्ट करून बघा’ म्हणते आणि आपण पुण्यातून सोलापूरची पेटी रिस्टार्ट करू शकत नाही, हे तिच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

अक्कांचा व्हिडिओ आला. मागे त्यांचा आवाज होता: ‘हिरवं एक लागलंय, लाल लाईट डोळा मारायलीय बघा. आमचं नेट चालू हाय की. नातू सकाळपासनं मोबाईलवरच हाय.’

या तीन वाक्यांत निम्मा तपास झाला. वीज आहे, कारण पेटी जिवंत आहे. लाल एलओएस आहे, म्हणजे प्रकाश पोचत नाही. आणि दुसरं वाक्य सगळ्यात मोलाचं. अक्कांकडे त्याच कंपनीचं नेट आहे. कंपनीच्या केंद्रातून एक काचेचा धागा निघतो. वाटेत खांबावर किंवा इमारतीत एक डबी असते, तिला स्प्लिटर म्हणतात. ती त्या धाग्यातला प्रकाश वाटून 8, 16, कधी 32 घरांना देते. डबीला वीज लागत नाही, ती नुसती वाटणी करते. अक्कांचंही नेट गेलं असतं तर दोष डबीच्या मागे, रस्त्यावर कुठेतरी असता, जेसीबीने कुणीतरी खड्डा खणला असता आणि आपण गप्प बसणंच शहाणपणाचं ठरलं असतं. पण एकाच इमारतीत, एकाच डबीवर, त्यांचं चालू आणि आमचं बंद. म्हणजे डबीपासून आमच्या टीव्हीपर्यंतची तेवढी वायर.

जावयांचं निदान तोवर झालं होतं. आदल्या दिवशी दुपारी सोलापुरात वळीव कोसळला होता, विजा कडाडल्या होत्या आणि कॅमेरा त्याच सुमाराला गेला होता. ‘वीज पडून राऊटर गेला बाबा, नवीन मागवतो’ म्हणून त्यांनी मोबाईलवर तीन मॉडेलं काढली. आता, विजेचा धक्का काचेच्या धाग्यातून येत नाही. यायचा तर भिंतीतल्या प्लगमधून येतो. आणि जळलेली पेटी डोळा मारत बसत नाही. ‘माझ्यापर्यंत प्रकाश येत नाही’ असं जी पेटी सांगते आहे, ती सांगण्याइतकी तरी धड असते. पण जावयाला हे कोण सांगणार?

मी अक्कांना वायर बघत जायला सांगितलं. पेटीतून निघालेली बारीक वायर टीव्हीच्या मागून कोपऱ्यात जाते, तिथून वर, तिथून खिडकी. खिडकीशी अक्का थांबल्या. ‘हितं दबलीय ओ. खिडकीत.’

आमची वायर सरकत्या खिडकीच्या फटीतून आत आली आहे. जोडणी करायला आलेल्या मुलाने भिंतीला भोक पाडायचं सोडून खिडकीतून वाट काढली, दहा मिनिटांत काम उरकलं आणि गेला. रोज खिडकी थोडी उघडीच असायची, त्यामुळे चाललं. वळीव आला तेव्हा अक्का धावत आमच्या घरी आल्या, पाणी आत येऊ नये म्हणून खिडकी पक्की ओढली आणि कडीही लावली. शेजारधर्म इतका चोख बजावल्यावर काच-धाग्याचं काय चालणार? अॅल्युमिनियमच्या कडेवर वायर काटकोनात चिमटली गेली.

काचेचा धागा मोडलाच पाहिजे असं नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तो तीव्र वळला की आतला प्रकाश वळणावर बाहेर गळतो. ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो तो 9 मायक्रॉनच्या आसपास असतो, डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. घरात आणायला जो धागा वापरतात तो वाकण्यासाठीच बनवलेला असतो आणि साध्या जातीचा धागा साधारण 10 मिलिमीटर त्रिज्येचं वळण सहन करतो, म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढं वळण चालतं. खिडकीच्या कडेवरचं टोकदार वळण त्यातलं नव्हे.

किती गळती झाली ते मी परत आल्यावर कळलं. कंपनीचा माणूस मीटर घेऊन आला होता. खिडकी उघडी असताना त्याच्या मीटरवर उणे 21 डीबीएम आले. मी खिडकी लावून दाखवली. उणे 30. हा आकडा शून्यापासून जितका लांब तितका प्रकाश कमी, आणि दर 3 ने तो निम्मा होतो. 9 चा फरक म्हणजे निम्म्याचा निम्म्याचा निम्मा, आठवा हिस्सा. घरातल्या नेहमीच्या पेट्यांना साधारण उणे 27 पर्यंतच वाचता येतं. त्याच्या खाली गेलं की लाल दिवा. आकडा उणे 26 असता तर आणखी गंमत झाली असती. नेट दुपारी चालतंय, संध्याकाळी अडतंय, आणि कुणालाच कारण सापडत नाही. त्यापेक्षा धडधडीत लाल दिवा परवडला.

तर अक्कांना म्हटलं, खिडकी बोटभर सरकवा. त्यांनी सरकवली आणि पेटीकडे येऊन उभ्या राहिल्या. लाल विझला. पीओएन लुकलुकायला लागला. ‘आता हिरवं डोळा मारायलंय’, फोनवर धावतं वर्णन सुरू होतं, ‘थांबलं. थांबलं की ओ!’ थोड्या वेळाने माझ्या मोबाईलवर आमचा हॉल उगवला आणि हॉलच्या मधोमध अक्का, कंबरेवर हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघत होत्या. नवा राऊटर जावयांनी मागवला होता, तो पाठोपाठ पुण्याला आला. आता तो पुण्यातच असतो.

वायर उपसू नका असं मी का बजावलं, तेही सांगून टाकतो. पेटीत जाणाऱ्या वायरीच्या टोकाला हिरवी टोपी असते. ती काढली की आतला पांढरा दांडा उघडा पडतो आणि माणसाला त्याला बोट लावून, फुंकर मारून, पदराने पुसून बघायचा मोह होतो. बोटाचं तेल किंवा धुळीचा कण त्या 9 मायक्रॉनच्या गाभ्यापुढे डोंगर आहे. चालू असलेली जोडणी अशा पुसण्याने जाते. आणि टोकात डोळा घालून ‘प्रकाश येतोय का’ तर बघूच नये. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही. दिसला नाही म्हणून नाही असं ठरवणारे लोक पुढची चूक करतात आणि वायर कापून नवीन तोंड करायला निघतात.

आणि ते मागचं भोक. त्यात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबली की पेटी कारखान्यातून आली तशी कोरी होते. वायफायचं नाव जातं, पासवर्ड जातो, कॅमेऱ्याची जोडणी जाते आणि बहुतेक ठिकाणी कंपनीने भरलेलं तुमच्या खात्याचं नावही जातं. म्हणजे वायर नुसती दबलेली असताना खिडकी सरकवून जे काम झालं असतं, त्याला कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. रिस्टार्ट निराळं. बटण बंद करायचं, अर्धं मिनिट थांबायचं, चालू करायचं. त्याने काही पुसलं जात नाही. पण लाल एलओएसवर त्याचा उपयोगही नाही, दबलेली वायर रिस्टार्टने सरळ होत नसते.

एक तक्रार मात्र सोलापूरकरांविषयी आहे. टीव्हीखालच्या पेटीवर धूळ बसू नये म्हणून टॉवेल घालायची पद्धत बंद करा. गावात टॉवेल पुष्कळ होतात हे मान्य, पण एप्रिल-मेमध्ये चाळीस-बेचाळीस अंशांत पेटी आधीच तापलेली असते, त्यात तिला पांघरूण. शिवाय दिवे झाकले जातात आणि व्हिडिओत नुसता टॉवेल येतो.

मीटर घेऊन आलेल्या त्या माणसाला मी म्हटलं, आलाच आहात तर भिंतीला भोक पाडून वायर तिथून घ्या. तो म्हणाला, ड्रिल आणलेलं नाही, आणि बाहेरच्या भिंतीला भोक पाडायला सोसायटीचं पत्र लागतं. सोसायटीचे सचिव म्हणाले, आधी कंपनीचं पत्र आणा. दरम्यान तक्रार ‘निवारण झाली’ म्हणून बंद करायला मोबाईलवर ओटीपी आला, तो मी अजून दिलेला नाही. खिडकीला बोटभर फट आहे. पाऊस आला की फटीतून पाणी येतं. परवा अक्कांनी विचारलं, ‘तुमच्या त्या कॅमेऱ्यात फरशीवरचं पाणी दिसतंय का? दिसत असलं तर पुण्यातनं फोन करत जावा, मी येऊन पुसून घेते.’